दहा मिलिमीटर

सिंगापुरात, पाया लेबार भागातल्या एका औद्योगिक इमारतीत, सातव्या मजल्यावर आमच्या तिरंदाजी क्लबची रेंज आहे. सहा लेन, अठरा मीटर अंतर, आणि नेमबाजांच्या मागच्या भिंतीशी एक टेबल. त्या टेबलावर, आम्ही सगळे ज्यांना काका म्हणतो ते सभासदांची धनुष्यं दुरुस्त करतात. ते मूळचे पुण्याचे, आता इथले नागरिक. एका बँकेतून निवृत्त झाले आहेत. कामाबद्दल कुणाकडून काही घेत नाहीत.

त्या आठवड्यात क्लबच्या चार जणांच्या संघातली एकच जागा रिकामी होती. शनिवारी सकाळी निवड होती आणि उमेदवार दोन होते. एक मी. दुसरी काकांची मुलगी.

माझ्या धनुष्याची दोरी झिजत आली होती, म्हणून मंगळवारी मी ते काकांना दिलं. नवी दोरी चढवल्यावर तिच्यावर दोऱ्याच्या दोन बारीक गाठी बांधाव्या लागतात. बाणाची मागची खाच त्या दोन गाठींच्या मध्ये बसते. या जागेला नॉकिंग पॉइंट म्हणतात. ही जागा, धनुष्यावर बाण ज्या पट्टीवर टेकतो तिच्यापेक्षा किंचित वर असावी लागते, आणि किती वर ते सुताराच्या गुण्यासारख्या एका काटकोनी मापाने मोजतात. काका मोजत होते तेव्हा मी बाहेरच्या पॅसेजमध्ये फोनवर होते. आत आले तेव्हा गाठी बांधून झाल्या होत्या. जुन्या दोरीवरचं माप मी कधीच लिहून ठेवलं नव्हतं आणि ती दोरी आता कचऱ्याच्या डब्यात होती.

बुधवारी हौगांगमधल्या माझ्या घरी मी बाण टेकण्याची पट्टी बदलली. ती प्लास्टिकची असते, मागून चिकट. झिजली की काढायची आणि नवी लावायची. पाच मिनिटांचं काम.

गुरुवारी बाण नीट जाईनात. सुटल्यावर त्यांची शेपटी वर-खाली हलताना डोळ्यांना दिसत होती. लक्ष्यावर ते एकाखाली एक, उभ्या रेषेत पसरत होते. आदल्या आठवड्यात हेच बाण एकमेकांना घासून बसत होते.

शुक्रवारी संध्याकाळी चांगी बिझनेस पार्कमधलं ऑफिस लवकर सोडून मी रेंजवर कागदाची चाचणी घेतली. पाइपच्या चौकटीवर कागद ताणून बांधायचा, मागे लक्ष्याची गादी ठेवायची आणि दोन मीटरवरून कागदातून बाण मारायचा. बाण सरळ गेला तर टोकाचं एक गोल भोक पडतं आणि त्याच्याभोवती पिसांच्या तीन चिरा. माझ्या कागदावर टोकाचं भोक खाली होतं आणि पिसांनी त्याच्या वर दोन बोटं कागद फाडला होता. शेपटी वर. याचा पाठ असलेला अर्थ असा की नॉकिंग पॉइंट फार उंच आहे, खाली घ्या.

आधी मोजलं. सात मिलिमीटर.

काका टेबलाशी बसून कुणाच्या तरी बाणाला पिसं चिकटवत होते.

"काका, मंगळवारी तुम्ही किती ठेवलं होतं?"

"जुन्या दोरीवर होतं तेवढंच. दहा."

"आता सात भरतंय."

त्यांनी मान वर केली नाही. "मग दहा करा."

"गाठी आपोआप सरकतात का?"

"माझ्या नाही सरकत."

शेजारच्या लेनमधून त्यांच्या मुलीने विचारलं, "बाबा, एनी प्रॉब्लेम?"

"काही नाही. मॅडम हिशेब तपासतायत."

बाप-लेक दोघंही हसले. मी हसले नाही. कागद म्हणत होता खाली घ्या आणि हा माणूस म्हणत होता वर. त्याच्या मुलीचा सामना माझ्याशी होता. तो मोजत असताना मी खोलीत नव्हते. दहा हा आकडा खरा असेल तर त्याने सातवर बांधलं होतं. खोटा असेल तर आणखी वर नेऊन बाण पुरते बिघडावेत म्हणून तो सांगितला होता. दोन्हीकडून बोट एकाच टेबलाकडे जात होतं.

मी गाठी दोरीवर फिरवत एक मिलिमीटर खाली आणल्या. फाट वाढली. आणखी एक मिलिमीटर खाली आणल्या. फाट तीन बोटांची झाली. कागदाचा नियम पाळूनही बाण बिघडत होता आणि मी त्यातूनही काकांवरच्या संशयाचा पुरावा काढला: गाठी बांधताना आणखी काही केलं असणार. रात्री क्लबच्या कॅप्टनला मी निरोप लिहिला की निवडीच्या आठवड्यात उमेदवाराच्या वडिलांनी दुसऱ्या उमेदवाराच्या धनुष्याला हात लावणं योग्य आहे का, याचा विचार व्हावा. नाव लिहिलं नाही. गरजही नव्हती.

शनिवारी निवडीच्या तासभर आधी आमच्या कोच आल्या. या सिंगापुरी चिनी बाई, साठीच्या, मोजकं बोलणाऱ्या. कागद पाहून त्यांनी बॅगेतून पायाला लावायच्या पावडरचा स्प्रे काढला, बाणाच्या मागच्या भागावर आणि पट्टीवर मारला आणि मला एक बाण सोडायला लावला. पट्टीवरची पावडर एका ठिकाणी पुसली गेली होती.

"बाण इथे आपटतोय," त्या वाक्याशेवटी 'लाह' लावणाऱ्या इथल्या इंग्रजीत म्हणाल्या. "मागून खाली दाबला जातो, पट्टीवर आदळतो आणि उसळतो. म्हणून शेपटी वर. तुझा पॉइंट उंच नाही, फार खाली आहे. कागद खोटं बोलतो, कधीकधी. आधी खूप वर ने, मग हळूहळू खाली ये लाह."

गाठी तेरावर नेल्या. शेपटी अजून वर होती, पण फाट आता एका बोटाची. बारावर अर्धी. अकरावर त्याहून कमी. दहावर कागदात एक गोल भोक पडलं आणि त्याच्या कडेने तीन चिरा.

मग त्यांनी पट्टीखालच्या जागेवर नख फिरवलं. तिथे जुन्या गोंदाचा करडा ठसा होता. नवी पट्टी त्याच्या तीन मिलिमीटर वर बसली होती.

"ही कोणी चिकटवली?"

"मी."

"मोजून?"

मोजलं नव्हतं. पट्टी वर गेली की तिच्यापासून मोजलेला पॉइंट तेवढाच खाली भरतो. मंगळवारचा दहा बुधवारी माझ्या हातून सात झाला होता.

साठ बाणांच्या निवडीत मी तीन गुणांनी मागे पडले. बाण सरळ जात होते, पण पट्टी उंचावरच राहिल्याने वर बसत होते, आणि नेम धरायची साइट जुळवता जुळवता पहिले बारा बाण गेले. काकांची मुलगी संघात आली. तिने येऊन हात मिळवला आणि माझ्या धनुष्याला काय झालं होतं ते विचारलं. मी पट्टीचं सांगितलं.

काकांजवळ मी सामान आवरून झाल्यावर गेले.

"पट्टी माझीच वर लागली होती. तुमचं दहा बरोबर होतं."

"हो."

"काल जोर देऊन का नाही सांगितलंत?"

"एकदा सांगितलं होतं." त्यांनी चष्मा पुसला. "आणि कॅप्टनने तुमचा निरोप मला दाखवला. सकाळीच."

मी माफी मागितली. त्यांनी ठीक आहे म्हटलं. ते खरंच तसं मानतात का, ते मला कळलं नाही. अजूनही ठरवता येत नाही. कुणाच्या बोलण्यातून त्याच्या मनातलं काढायचा प्रयत्न करू नये असं वाटतं, आणि तरी मी करते.

काही महिन्यांनी पुन्हा दोरी बदलायची वेळ आली. मी धनुष्य त्यांच्याकडेच नेलं. त्यांनी गाठी बांधल्या, गुण्या लावला आणि हात मागे घेतला.

"फोन काढा."

"कशाला?"

"फोटो घ्या. आकडा दिसला पाहिजे, पट्टीही दिसली पाहिजे. तुमच्याच फोनवर."

माझ्यामागे दोन जण आपापली धनुष्यं घेऊन उभे होते. त्यांचे फोन आधीच हातात होते.