कानाने तपासलेली नोटीस

शाळेच्या ऑफिसात टायपिस्टबाईंचा एक नेम होता. नोटीस टाइप झाली की ती मोठ्याने वाचायची, आणि समोर बसलेल्या भांडारवाल्या काकांनी हुंकार भरायचा. काका डोळे मिटून ऐकायचे. चूक असली तर कानाला टोचतेच, असं त्यांचं ठाम मत. मग मोठ्या बाईंपुढे, म्हणजे मुख्याध्यापिकांपुढेही तसंच वाचन, आणि सही. टायपिस्टबाईंची नोकरी तात्पुरती होती. कायम करायचं की नारळ द्यायचा, हे याच आठवड्यात ठरणार होतं. म्हणून बिचाऱ्या जरा जास्तच मोठ्याने वाचत होत्या!

सोमवारची इंग्रजी नोटीस साधीच होती: वह्या-पेन्सिली शाळेच्या भांडारातूनच घ्या. फाटकावर ती लागली आणि पालकांत खसखस पिकली. स्टेशनरीत ‘ई’च्या जागी ‘ए’ पडला होता, म्हणजे भांडारात जागच्या जागी थिजलेलं काहीतरी विकायला होतं. आणि सहीखाली प्रिन्सिपल होतं, पण शेवटी पी-एल-ई. मुख्याध्यापिका नव्हे, तत्त्व! दोन्ही शब्द खरेच, म्हणून कॉम्प्युटरनेही लाल रेघ ओढली नव्हती. आणि कानाला? दोन्ही जोड्या अगदी सारख्याच.

टायपिस्टबाई धावतच काकांकडे आल्या. “काका, गेली माझी नोकरी!”

“अहो, मला तर सगळं बरोबर ऐकू आलं,” काका पुटपुटले.

कुणी बोलवायच्या आत बाई स्वतःच नोटीस काढून मोठ्या बाईंकडे गेल्या. रडू आवरत सगळं सांगून टाकलं. मोठ्या बाईंनी कागद पाहिला, चष्मा काढला आणि खो खो हसत सुटल्या. “अगं, सही कुणाची आहे? मीही ऐकूनच केली ना! आयुष्यभर मुलांना सांगते, वाचल्याशिवाय सही करू नका. बस इथे. स्टेशनरीतला ‘ई’ एन्व्हलपचा, पाकिटाचा, म्हणजे कागदाचं सामान. आणि प्रिन्सिपल माणूस असेल तर शेवटी पी-ए-एल. दुरुस्त कर. आणि आजपासून नुसतं वाचायचं नाही, अक्षर अक्षर म्हणायचं.”

नोटीस झाली. मोठ्या बाई म्हणाल्या, “आता दुसरा कागद घे. संस्थेला पत्र.” त्या सांगत गेल्या, बाई टाइप करत गेल्या, मान खाली, चूक होऊ नये एवढंच मनात. शब्दांकडे लक्षच नव्हतं, सगळा जीव अक्षरांत.

“हं, म्हण आता.”

बाई एकेक अक्षर म्हणू लागल्या. स्वतःचं नाव झालं, पद झालं. मग, “पी, ई, आर, एम, ए, एन...”

बाईंनी झटकन मान वर केली.

“पुढे?” मोठ्या बाई म्हणाल्या. “अजून तीन अक्षरं आहेत. पूर्ण केल्याशिवाय मी सही करायची नाही.”

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि बाहेर बसलेल्या काकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ती तीन अक्षरं म्हटली.