पंचविसाच्या खाली

नई सडकेवरच्या एका खोलीत हेमेंद्र शितोळेचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम आपोआप शेअर घेतो, विकतो. नियम मात्र हेमेंद्रचे. बाजाराच्या कलात जोर किती, हे एडीएक्स हा आकडा सांगतो. तो पंचविसाच्या खाली असला, की प्रोग्रॅम बंद. लीलाताईंनी, त्याच्या काकूंनी, याच नियमावर विश्वास ठेवून पैसे दिले होते.

महिनाभर बाजार एकाच जागी घुटमळत होता आणि प्रोग्रॅम बंद होता. पाहुण्यांसमोर कान्होजी, हेमेंद्रचे निवृत्त फौजी वडील, म्हणाले, "आमचे साहेब महिनाभर छुट्टीवर आहेत!" सगळे हसले. आकडा अठरावर होता. हेमेंद्रने जाऊन पंचविसाची मर्यादा पंधरावर आणली.

भाव जरा चढला की प्रोग्रॅम घेई. लगेच उतरला की तोट्यात विकी. पुन्हा पुन्हा तेच.

तो काकूंकडे गेला, त्यांचे किती पैसे बुडाले ते सांगितलं.

"पंचविसाच्या खाली हात लावायचा नाही, असं तूच म्हणायचास ना?"

"हो."

"मग मशीन बिघडलं का रे?"

हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही काकू. बाबा हसले, म्हणून मी बदललं."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

घरी कान्होजींनी विचारलं, "आज पण छुट्टी?"

"हो, बाबा," तो खाली बघत म्हणाला. मर्यादा पुन्हा पंचविसावर होती.