बैसाणे मॅडमचा पत्र्याचा डबा

संघमित्रा बैसाणेंना रांगेचा भारी राग. बँकेतली रांग त्या मुकाट सोसतील. पण मैदानात एक पोरगं पळतंय आणि बाकीची नंबर लागायची वाट बघत उभी आहेत, हे दिसलं की त्यांचं डोकंच फिरतं. याला कारण आहे. लहानपणी नशिराबादला त्यांच्या शाळेत खेळाचा तास म्हणजे एक चेंडू आणि अख्खा वर्ग. चेंडू दांडगट मुलांच्या ताब्यात, मुली निंबाखाली. संघमित्रा पुढे खो-खोत चमकली, जळगावला शिकून खेळाची शिक्षिका झाली, ती त्या तासाच्या कृपेने नव्हे, त्याच्याशी भांडून.

आता त्या दोंडाईचाजवळच्या एका खेड्यातल्या शाळेवर आहेत. नववीत तीस पोरं. खेळाचं सामान म्हणाल तर दोन मऊ पडलेले चेंडू आणि उंदरांनी खाल्लेलं जाळं. मुख्याध्यापक हितेंद्र गिरासे गणिताचे. माणूस वाईट नाही, पण कुणाचा तास जरा सैल दिसला की त्यांच्या तोंडाला बीजगणिताचं पाणी सुटतं.

"मॅडम," एका दुपारी ते व्हरांड्यातून म्हणाले, "तुमच्या तासाला दहा खेळतात नि वीस शेंगा खातात. त्यापेक्षा तो तास मला द्या ना."

बोचलं, कारण खरं होतं. "सर, तीसच्या तीस एकाच वेळी कामाला लागलेले दाखवले तर?"

"तर तास तुमचा. शनिवारी दाखवा. नाही जमलं तर सोमवारपासून माझा."

तास गेला असता तर मुलांचं फारसं अडलं नसतं, ती नदीत उड्या मारून वाढतात. अडलं असतं मुलींचं. घरी गेल्यावर भांडी आणि सरपण, पळायचं कुठे? त्यातली नूतन तर दर तासाला पोट दुखतं म्हणून निंबाखाली बसायची. मॅडमना त्या पोटदुखीचं औषध ठाऊक होतं, तिच्या एकटीजवळ थांबून शिकवायचं, पण तेवढी सवड त्यांच्या तासात आजवर नव्हती.

त्या कामाला लागल्या. मैदानाच्या कडेने गोलाकार सहा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी पाच जण. पहिलं, ध्वजाच्या ओट्याच्या पायरीवर चढ-उतार. दुसरं, भिंतीला हात टेकून दंड. तिसऱ्या ठिकाणी जमिनीवर पसरलेल्या शिडीत भरभर पाय टाकणं. ती शिडी शेतात फेकून दिलेल्या ठिबकच्या नळ्यांची. मग गोणपाटावर पोटाचे व्यायाम, मग पांढऱ्या फक्कीने आखलेल्या पाच पट्ट्यांतून धावून परत येणं, आणि शेवटी वाळू भरलेल्या पाण्याच्या बाटल्या डोक्यावर उचलणं. पाय दमले की हात, हात दमले की पुन्हा पाय, अशी जाणूनबुजून लावलेली फिरती. प्रत्येक ठिकाणी पुठ्ठ्यावर चित्र, त्यावर सोपा प्रकारही आणि अवघडही, म्हणजे दुबळ्याला लाज नाही आणि धटिंगणाला सुटका नाही.

गुरुवारी रंगीत तालीम झाली आणि पार विचका झाला. आधी शिडीने घात केला. एक जण शिडीत आणि चार जण मागे उभे! म्हणजे ज्या रांगेवर मॅडमनी आयुष्यभर दात खाल्ले, ती त्यांनी स्वतःच्या हाताने मांडून ठेवली होती. त्यांनी तिथल्या तिथे नळ्या कापल्या, टोकं जोडून पाच कडी केली, आणि ज्याच्या त्याच्या कड्यात आत-बाहेर उड्या सुरू झाल्या.

खरी फजिती त्यानंतरची. जागा बदलायची वेळ झाली, मॅडमनी दणकून शिट्टी मारली. तीसच्या तीस पोरं हातातलं टाकून धावली आणि ओट्यासमोर उंचीप्रमाणे उभी राहून सावधान! पंधरा ऑगस्टच्या कवायतीसाठी ही सवय त्यांना कुणी लावली होती? मॅडमनीच. एक शिट्टी, एक रांग, चूक झाली तर पुन्हा. पोरं बिचारी नको तितकी आज्ञाधारक निघाली. वर व्हरांड्यात गिरासे सर कठडा धरून हसत होते.

"बठ्ठा उनात, मॅडम!" पुढे उभा असलेला प्रेमराज अभिमानाने ओरडला. सगळे आलो, म्हणे. आता याला काय बोलायचं!

शिट्टी बाद. हाताच्या खुणा लांबच्याला दिसत नाहीत, आणि ओरडावं तर रस्त्यावरच्या ट्रॅक्टरांपुढे आवाज टिकत नाही. शुक्रवारी सकाळी शाळेकडे येताना बाजरीच्या शेतात गावातल्या सुनंदाबाई पाखरं हाकताना दिसल्या, गळ्यात पत्र्याचा डबा, हातात काठी. आवाज थेट शाळेपर्यंत येत होता. मॅडमनी गाडी थांबवली.

"अक्का, असा आणखी एक डबा आहे का?"

"शे ना. पन तुमना मैदानमा कोनता पाखरं उनात?"

"तीस आलेत," मॅडम म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी पोरांना नियम सांगितला. डबा वाजतोय तोवर काम. डबा थांबला की तुम्हीही थांबा, सामान उचललं तिथेच ठेवा. मग दोन ठोके पडले की फक्कीच्या बाणाने पुढच्या ठिकाणी जा. आणि व्यायाम अजिबात न करता एक पूर्ण फेरी नुसती चालवून घेतली. पोरं कुरकुरली, पण फेरी संपेपर्यंत पाय आपोआप वळायला लागले.

शनिवारी पोरांचं अंग मोकळं करून झालं तसे गिरासे सर बोटांत खडू घेऊनच खाली उतरले आणि रिकामं पोर शोधायला मैदानात शिरले. मॅडम गळ्यात डबा घालून मधोमध, तिथून सहाही ठिकाणं दिसत होती. डबा वाजायला लागला. पायऱ्यांवर पावलं, भिंतीवर हात, कड्यांत उड्या. अर्ध्या मिनिटाने डबा थांबला आणि अख्खं मैदान थांबलं. दोन ठोके. सहाही टोळ्या एकदम सरकल्या, आणि डबा पुन्हा वाजेपर्यंत पोरांनी दमही खाऊन घेतला.

सर बाटल्यांपाशी उभे होते. दोन ठोके पडले आणि समोर नूतनची टोळी येऊन थडकली.

"सर, सरका ना," नूतन म्हणाली. जी वर्गात हजेरीलासुद्धा तोंडातल्या तोंडात बोलते, ती! "आते आमनी बारी शे."

सर सरकले ते धावपट्टीत. तिथून प्रेमराजच्या टोळीने त्यांना हुसकलं. गोणपाटापाशीही कुणीतरी आलंच. शेवटी ते मधोमध मॅडमजवळ येऊन उभे राहिले.

"मॅडम, मी उभं राहायचं कुठे?"

"सर, आज उभं राहायला जागाच ठेवलेली नाही," मॅडम म्हणाल्या आणि डबा त्यांच्याच गळ्यात घातला. "तुम्ही वाजवा. मला नूतनची पाठ सरळ करायची आहे."

त्यांना आजवर हेच करता आलं नव्हतं. एक हात नूतनच्या पाठीवर ठेवून त्या म्हणाल्या, "कंबर वाकवू नको. हां, आता उचल." मागे गिरासे सर डबा असा काही बडवत होते की थांबायची वेळ उलटून गेली तरी त्यांना सुचेना. पोरं ओरडली तेव्हा थांबले.

दोन फेऱ्यांनंतर संथ चालणं झालं, पाणी झालं. सर डबा काढून देत म्हणाले, "सोमवारी तास तुमचाच. आणि दहावीलाही हे लावा." मॅडमनी आनंदाने डबा घेतला आणि दहावीचा पट किती ते लगेच विचारलं.

तेवढ्यात नूतन आली. चेहरा लालबुंद, छातीवर हात आणि डोळ्यांत भीती.

"मॅडम, छाती कितली धडधड करी ऱ्हायनी! काही व्हयनं का माले?"

मॅडमनी तिची नाडी धरली. जोरात होती, पण एकसारखी. क्षणभराने ती उतरायलाही लागली. चौदा वर्षांच्या या पोरीला आपलं काळीज असं धावतं हे आज पहिल्यांदा कळत होतं. मॅडमच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"काही नाही झालं गं," त्या म्हणाल्या. "बरोबर चाललंय."