चुडाव्याच्या घराची कैफियत

परभणीच्या तामिरात कचेरीत लिंगराज नावाचा एक नक्षानवीस होता. तामिरात म्हणजे रस्ते, पूल आणि सरकारी इमारती बांधणारं निजामाचं खातं. साहेब नकाशा काढायचे, लिंगराज त्यावर ट्रेसिंगचं पातळ कापड अंथरायचा आणि खालच्या रेघा वर उतरवून घ्यायचा. हात असा स्थिर, की शेजारी कुणी शिंकलं तरी रेघ हलायची नाही. पण दुसऱ्याच्या रेघेवरून माणसानं किती दिवस हात फिरवावा? बायको भागम्मा भाकरी थापता थापता म्हणायची, "अहो, लोकाचं गिरवता गिरवता डोळे जातील तुमचे. आपलं कवा काढणार?"

आपलं म्हणावं असं त्यानं एकच काढलं होतं. भागम्माचे मामा मन्मथअप्पा चुडाव्याला कापसाचे व्यापारी. त्यांचं दुकान आणि घर लिंगराजनं सुट्ट्यांच्या दिवशी बसून आखलं आणि उभं राहीपर्यंत खेटे घातले. मामाचं काम, म्हणजे मजुरीत जेवण तेवढं मिळालं.

अशात मुंबईच्या एका आर्किटेक्टसाहेबाचा जबाब आला. लिंगराजनं त्यांच्याकडं शिकाऊ म्हणून घ्या असं लिहिलं होतं. साहेबानं कळवलं, की आपल्या कामाचे नकाशे पाठवा. सोबत एक कैफियत लिहा, मराठीत चालेल. हे काम कसं सुचलं, काय ठरवलं, काय मोडलं, ते सांगा. नकाशात दिसतं ते पुन्हा लिहू नका. आणि ज्याची इमारत, त्या मालकानं वाचून खरं म्हणून दस्तखत करावं. महिनाअखेरीच्या आत पोचलं तर विचार होईल, नाहीतर दुसरा एकजण तयारच आहे.

लिंगराजनं चुडाव्याच्या घराचे नकाशे नव्यानं शाई फिरवून काढले. गठ्ठा बारीक दिसतो म्हणून कचेरीतल्या एका शाळेचा आणि एका मुसाफिरखान्याचा नकाशाही त्यात घातला. मग झकास बोरू तासून कैफियत लिहिली आणि ती ओव्हरसियर व्यंकटरावांना दाखवायला नेली. व्यंकटरावांची ओळख होती म्हणून तर मुंबईवाल्यानं जबाब दिला होता.

व्यंकटरावांनी पान तोंडात सारलं आणि वाचायला घेतलं. "पान पहिले. यात दर्शनी बाजू आहे. मधोमध दार आहे. दारास दोन फळ्या आहेत. दाराच्या दोन्ही अंगांस खिडक्या आहेत. पुढे पत्रे आहेत, मागे माळवद आहे." तिथंच ते थांबले.

"लिंगराज, सोयरीक बघायला गेलो आन् पोरीचा बाप म्हणायला लागला, बघा पोरीला नाक हाय, नाकाच्या दोन्ही अंगाला डोळे हायत, तर आपण काय म्हणावं?"

"काय म्हणावं साहेब?"

"म्हणावं, बाबा, आमी आंधळे न्हाई. पोरीचं काय ते सांग!" त्यांनी शाळेचा नकाशा वर धरला. "ह्या शाळेला उत्तरेला व्हरांडा का हाय?"

"ते काढणाऱ्या साहेबांना ठाऊक."

"मग हे तुझं न्हाई." शाळा बाजूला पडली, तिच्यावर मुसाफिरखाना पडला. गठ्ठा पुन्हा बारीक झाला. "आता हे घर. पुढं पत्रे आन् मागं मातीचं माळवद. बघणारा म्हणंल, मालकाचे पैसे सरले."

लिंगराजला ते लागलं. "पैसे न्हाई सरले साहेब! अप्पांना सगळ्या घरावर पत्रे पाह्यजे होते. आगगाडीतल्या माणसाला लखलखताना दिसले पाह्यजेत म्हणे. मी म्हटलं, वैशाखात आत माणसं भाजून निघतील. दोन महिने अबोला होता. शेवटी रुळाच्या अंगाला कापसाची कोठी आणली, तिच्यावर पत्रे टाकले आन् माणसं राहत्यात तिथं माळवद केलं. कापसाला काय उकडायलंय?"

व्यंकटरावांना हसताना ठसका लागला. पाणी पिऊन ते म्हणाले, "गाढवा, हेच लिही की!"

"हे? भांडणं लिहायची? मी तर भव्यता, शोभा असं काहीतरी घालणार होतो."

"शोभा नकाशात दिसंल. भांडण दिसत न्हाई."

मग लिंगराज घरी आला आणि भागम्मानं दिवा लावायच्या आत लिहायला बसला. एकदा खरं लिहायचं ठरलं, की आठवायला वेळ लागत नाही. त्यानं लिहिलं, की पायाच्या जागेवर आपण आधी चुन्याच्या फक्कीनं सगळं घर जमिनीवर आखलं, भिंती, दारं, सगळं, आणि घरच्या माणसांना म्हटलं, यात राहून दाखवा. पहिल्या आखणीत देवघर पुढं दुकानाला लागून होतं आणि न्हाणी मागं. मालकांच्या मातोश्री मल्लम्मा तांब्या घेऊन न्हाणीच्या चौकोनात उभ्या राहिल्या आणि चालू लागल्या, त्या थेट दुकानाच्या गादीपुढून, गिऱ्हाइकांच्या देखत, देवघरात. लिंगायताघरी अंघोळ झाल्याशिवाय आणि तळहातावर लिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी जात नाही, आपल्या घरातही तेच. तरी कागदावर रेघ ओढताना ते सुचलं नाही. म्हणून देवघर उचलून न्हाणीपाशी नेलं. खालच्या पानावर त्यानं ती पहिली, चुकलेली आखणीही काढली.

लिहून झाल्यावर त्यानं भागम्माला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चांगलं हाय. पर मामा दस्तखत करणार न्हाईत."

"का बरं?"

"जावा की, कळंल."

महिना सरत आला होता. लिंगराजनं रजा टाकली आणि नांदेडकडं जाणारी गाडी धरली. चुडाव्याला उतरला तर मन्मथअप्पा ओट्यावर लोडाला टेकून बसलेले. शेजारी सटवाजी नावाचा शेतकरी कापूस तोलायची वाट बघत पडला होता.

"या जावईबापू. मुंबईला आमच्या घराची कैफियत चालली म्हणं?" अप्पांनी मिशी सारखी केली. "वाचा. मोठ्यानं वाचा. सटवाजी, ऊठ, ऐक."

लिंगराजनं वाचायला सुरुवात केली. पत्र्यांपाशी आल्यावर सटवाजी खुदकन हसला. अप्पांची मिशी हलली. देवघर चुकलं होतं इथवर आल्यावर अप्पांनी हात वर केला.

"थांबा. चुकलं होतं?"

"पहिल्या आखणीत, अप्पा."

"म्हंजे माझं घर चुकलेलं हाय?"

"घर न्हाई, फक्की चुकली होती. फक्की झाडली आन् दुसरी टाकली."

"मग झाडलेलं मुंबईला कशाला दाखवायचं? केर झाडल्यावर कुणी पावण्याला केर दाखवतं का?" सटवाजीनं मान डोलावली. अप्पांना जोर चढला. "सागवान कुठून आणलं ते न्हाई. खांबाचं नक्षीकाम न्हाई. आन् मी पत्र्यासाठी हट्ट धरला हे मात्र हाय! मी असल्यावर सही करणार न्हाई. खांब लिवा, मग करतो."

"खांब नकाशात दिसत्यात अप्पा. दिसतं ते लिहायचं न्हाई, अशी अट हाय."

"लय शहाणा हाय तुमचा साहेब."

एवढ्यात दाराआडून आवाज आला. मल्लम्मा आतून सगळं ऐकत होत्या. "लिंगराज, माझं नाव हाय का रे त्यात?"

"हाय अव्वा. तुमी तांब्या घेऊन चालला म्हणून देवघर हललं, असं लिहिलंय."

"मुंबईला माझं नाव!" म्हातारी बाहेर आली आणि ओट्यावर बसली. "मन्मथ, सही कर."

"अव्वा, त्यानं पुढं काय लिवलंय ते ऐक आदी," अप्पा म्हणाले. "वाचा हो, पुढचं."

लिंगराजनं पान उलटलं आणि वाचलं, "मातोश्रींना मागील खोलीस खाली बसून दिसेल अशी खिडकी हवी होती. परंतु तेथून शेजारच्या न्हाणीवर नजर जात असल्याने ती उंच घेतली."

मल्लम्मा ताठ झाल्या. "मी कशाला बघू त्यांच्या न्हाणीत! मला वारा पाह्यजे होता."

"वाराच ना अव्वा. वारा येतोच उंच खिडकीतून."

"नजर खोडून टाक. वारा लिही."

"नजरेमुळं तर उंच केली. वाऱ्यासाठी केली असती तर खालीच ठेवली असती."

सटवाजी म्हणाला, "हे खरं हाय." मल्लम्मांनी त्याच्याकडं असं बघितलं, की तो पुन्हा आडवा झाला.

आता मायलेक दोघंही फिरले. आणि दुपारची टपाल गाडी यायला फार वेळ उरला नव्हता. लिंगराजच्या मनात आलं, चार ओळीत खांब घालावेत, खिडकी आणि फक्की वगळावी, सही घ्यावी. बोरू हातात होताच. पण मग ही कैफियत म्हणजे दाराला दोन फळ्या आहेत, तीच झाली असती. तो खाली मान घालून उरलेलं वाचू लागला, निदान पुरं तरी व्हावं म्हणून.

"दुकानापुढील ओटा मी मुद्दाम रुंद घेतला. कापूस घेऊन आलेल्या माणसास वाट पाहताना आडवे होता यावे."

"कुणी घेतला?" अप्पांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता.

लिंगराजनं कागद खाली केला. त्याला सगळं आठवलं. त्यानं बसण्यापुरता ओटा आखला होता. अप्पा स्वतः त्या फक्कीच्या पट्ट्यात उताणे झोपले, पाय बाहेर काढून दाखवले आणि म्हणाले, माणूस रातभर गाडी हाकून येतो, त्याचे पाय काय रस्त्यावर लोंबू द्यायचे? लिंगराजनं तेव्हा खडी वाया जाईल म्हणून तोंड वाकडं केलं होतं.

"तुमी घेतला, अप्पा," तो म्हणाला. "मी कमीच धरला होता. लिहिताना माझ्या नावावर घातला."

"बघा! माझा हट्ट माझ्या नावावर आन् माझी अक्कल तुमच्या?"

लिंगराजनं तिथंच ओळ खोडली आणि लिहिलं, की ओटा मी अरुंद धरला होता. मालकांनी त्यात झोपून दाखवले, पाय बाहेर आले, तेव्हा रुंद केला. वाचून दाखवलं. सटवाजीनं आडव्याआडव्या पाय ताणून ओटा पुरतो की नाही ते पाहिलं.

अप्पा मिशीला पीळ देत सरळ बसले. मग म्हणाले, "आता पत्र्याचं बी राहू द्या. एक बाजू लिवली, तर दुसरी बी पाह्यजे." त्यांनी टाक मागवला आणि ऐसपैस दस्तखत केलं. मल्लम्मा म्हणाल्या, "आन् माझी नजर?" अप्पा म्हणाले, "अव्वा, मुंबईला कोण ओळखतं तुला?" त्यावर त्या आत गेल्या, पण लिंगराजसाठी ताटात वाढून ठेवलेलं दही त्यांनी परत मडक्यात घातलं.

गठ्ठा गाडी सुटायच्या आत टपालात पडला.

जबाब आला तेव्हा भागम्मा चिंचेचा कोळ काढत होती. लिंगराजनं वाचलं आणि खालीच बसला. साहेबानं लिहिलं होतं, पुढल्या महिन्यात या, जागा ठेवली आहे. कैफियत वाचून घर कळले. एक मात्र राहिले आहे. देवघर न्हाणीपाशी आणल्यावर सांडपाण्याची मोरी कुठून फिरवली? नकाशात ती लांब वळसा घेताना दिसते. उतार पुरला काय?

"पुरला का?" भागम्मानं विचारलं.

लिंगराजला ठाऊक नव्हतं. बांधून झाल्यावर त्यानं विचारलंच नव्हतं. म्हणून मुंबईला निघायच्या आधी तो पुन्हा चुडाव्याला गेला. मल्लम्मा परसात होत्या.

"अव्वा, न्हाणीचं पाणी नीट जातं का?"

म्हातारीनं कमरेवर हात ठेवले. "आज सुचलं व्हय विचारायला? तुंबतंय की रे मेल्या! दर दिवशी सून खराटा घेऊन ढकलती. उतार कुठंय त्याला? ये, दाखवते."

त्यांनी त्याला हाताला धरून मोरीच्या वळणावर नेलं आणि काळं पाणी दाखवलं. लिंगराज उकिडवा बसून बघत राहिला.

"हे बी लिहिशील मुंबईला?"

"लिहावं लागंल, अव्वा."

"मग लिही. आन् त्यात माझं नाव घाल," मल्लम्मा म्हणाल्या, आणि त्याच्या हातात खराटा दिला.