फोटोतला मीटर

जांबे गावात भाड्याच्या खोलीत एकटा राहायचो, तेव्हाची गोष्ट. एकदा वीजबिलात एकशे चाळीस युनिट आले. मी तावातावाने तक्रारीचा अर्ज लिहिला आणि बिलासकट घरमालकीणबाईंना दाखवला. त्यांनी अर्ज बाजूला ठेवून बिलावर छापलेला मीटरचा फोटो बघितला.

"सायेब, दिसभर हापिसात कॉम्प्युटरवर बसता ना? ह्यो आकड्यांच्या चाकांचा मीटर हाय, खालच्या बिऱ्हाडाचा. तुमचा डिजिटल हाय."

माझ्या मीटरसमोर जाऊन उभा राहिलो. पडद्यावर तारीख येऊन गेली, वेळ गेली, मग युनिटचा आकडा आला. त्यातून मागचं रीडिंग वजा केलं. बारा.

"बाराच? त्या खोलीत ऱ्हातं का न्हाई कुनी?" मागून बाईंनी विचारलं.

"मी राहतो, झोपण्यापुरता," म्हणालो. अर्जात खरा आकडा लिहिताना मात्र तक्रारीचा सगळा जोर गेला होता.