फुलीच्या समोर काय?

नंदिगड्ड्याच्या परशूचा हात लाकडात जन्मल्यासारखा होता, आणि ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. नांगर, पाळणा, दाराची चौकट, काहीही सांगा, परशू मान डोलवून म्हणायचा, "हुतंय की!" त्याला गर्विष्ठ म्हणणारे पुष्कळ होते, पण नांगर मोडला की तेच त्याच्या दारात उभे राहत.

सुप्याच्या शाळेत पोरांना सुतारकाम शिकवायला माणूस नेमायचा होता. शाळा तपासणाऱ्या डिप्टी साहेबांनी बेळगावहून एक कागद धाडला होता. त्यावर एकाच ठोकळ्याची तीन चित्रं होती आणि खाली सूचना होती की सहा बाजूंवर सहा खुणा आहेत, एक खूण एकदाच. हुबेहूब तसा ठोकळा जो करील त्याला नेमायचं. खरा ठोकळा साहेब स्वतः घेऊन येणार होते. गावच्या सुतारकामावर पोट भरत नसे, म्हणून जंगलात लाकडं ओढून परशूच्या खांद्याला घट्टे पडले होते. ही जागा त्याला हवीच होती.

शाळेच्या पुंडलिक मास्तरांनी कागद त्याच्यापुढे पसरला. पहिल्या चित्रात वर गोल, पुढे फुली, उजवीकडे ठिपका. दुसऱ्यात वर चौकोन, पुढे गोल, उजवीकडे चांदणी. तिसऱ्यात वर फूल, पुढे फुली, उजवीकडे चौकोन.

"सोपं आहे," मास्तर म्हणाले. "आधी गोल वर होता, मग पुढे आला. म्हणजे ठोकळा पुढे कलंडला आणि मागची बाजू वर आली. वर चौकोन आहे, तेव्हा फुलीच्या समोर चौकोन. तसंच कोर."

परशूनं कागद घरी नेला. त्यानं एका कंदाचा ठोकळ्यासारखा तुकडा कापला, कोळशानं खुणा काढल्या, आणि जेवणापर्यंत तो फिरवत बसला. मग बैलांना पाणी दाखवून येईपर्यंत बायकोनं, पारूनं, तो तुकडा धुऊन आमटीत टाकला होता.

"अगं, ती माझी नोकरी हुती!" परशू ओरडला.

"मग खावा की. शिजलीया बरी," पारू म्हणाली.

परशूला हसूच आलं. कंद गेला तरी हिशेब डोक्यात पक्का बसला होता. सकाळी तो शाळेत जाऊन उभा राहिला.

"मास्तर, तुमचं चुकतंय."

मास्तरांच्या भुवया चढल्या. चार यत्ता शिकवणाऱ्या माणसाला लाकडं ओढणारा चूक दाखवतोय, हे त्यांच्या पचनी पडेना.

"नुसता कलंडला असता तर उजवीकडचा ठिपका तितंच ऱ्हायला असता," परशू म्हणाला. "दुसऱ्या चित्रात तितं चांदणी हाय. म्हंजे ठोकळा कलंडलाय, शिवाय बाजूला फिरलाय बी. आनि तिसरं चित्र बघा. फुली न् चौकोन एकमेकाला खेटून हायेत. शेजारी असलेलं समोर कसं असंल?"

"मग समोर काय आहे?"

"आधी गोल घ्या. पैल्या चित्रात त्याच्या शेजारी फुली न् ठिपका, दुसऱ्यात चौकोन न् चांदणी. शेजारी चारच असत्यात. उरलं फूल, ते गोलाच्या समोर. आता फुली. तिच्या शेजारी गोल, ठिपका, फूल, चौकोन. झाले चार. उरली चांदणी, ती फुलीच्या समोर. ऱ्हायले ठिपका न् चौकोन, ते एकमेकांसमोर."

मास्तरांनी कागद त्याच्याकडे सरकवला. "तुझं तू कर," ते रागानं म्हणाले. "चुकलं तर मला विचारलं होतं असं साहेबांना सांगू नकोस."

परशूनं शिवणीचं लाकूड घेतलं. कोरताना एकदाही हात थांबला नाही. शिवणीवर एकदा कोरलेली खूण पुसता येत नाही, हे मात्र त्याला ठाऊक होतं.

डिप्टी साहेब आले. त्यांनी पिशवीतून आपला ठोकळा काढला, परशूचा त्याच्या शेजारी मांडला, आणि दोन्ही हातांनी दोन्ही एकदमच फिरवू लागले. गोलाखाली फूल, फूल. ठिपक्याच्या समोर चौकोन, चौकोन. फुलीमागे चांदणी, दोन्हीकडे. डावी-उजवी बाजूही जुळली.

"छान!" साहेब म्हणाले. "पुंडलिकराव, बाकीच्या शाळांतले सगळे ठोकळे चुकलेले निघाले. या माणसाला तुम्हीच समजावलंत ना?"

परशूनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर एक होकार देऊन मोकळे झाले असते, आणि साहेबांच्या वहीत त्यांचंच नाव चढलं असतं. त्यांचे कान लाल झाले.

"नाही साहेब," मास्तर म्हणाले. "मी उलटं सांगितलं होतं. यानं माझं ऐकलं नाही, म्हणून ठोकळा बरोबर आला."

साहेबांनी वही उघडून परशूचं नाव लिहिलं. मास्तरांनी वर्गातली आपली खुर्ची उचलली आणि परशूपुढे ठेवली.

"बसा," ते म्हणाले.