कुणी न मागितलेली थाळी

वणीहून कोळसा घेऊन निघालेले ट्रक आमच्या भोजनालयासमोर थांबत, तेव्हा बाबांना मेनू कार्ड लागत नसे. भिंतीवर दोनच ओळी होत्या. साधी थाळी नव्वद, स्पेशल दीडशे. स्पेशलमध्ये चार पोळ्या, दोन भाज्या, दही आणि गोड. पण लोक साधीच खायचे, आणि साधीतून गॅस आणि मावशींचा पगार निघाला की आमच्या हाती काही उरत नसे. मावशी म्हणजे आमच्या स्वयंपाकीण. भोजनालय टिकायचं तर स्पेशल खपायला हवी होती.

मी यवतमाळला बी.कॉम. केलं होतं आणि त्याचा घरात कुणालाच, मलाही, उपयोग झाला नव्हता. एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली होती. नव्वद आणि दीडशे शेजारी ठेवले की माणसाला फक्त साठ रुपये दिसतात. मध्ये एकशे पंचेचाळीसची एक दळभद्री थाळी ठेवा, तीन पोळ्या, एकच भाजी, दही नाही, गोड नाही. ती कुणी घेणार नाही. पण तिच्या शेजारची स्पेशल पाहून माणूस म्हणतो, पाचच रुपयांत एवढं जास्त! ते साठ रुपये तो विसरतो. त्या थाळीचं कामच न खपणं. मी तिचं नाव ‘मध्यम’ ठेवलं.

आणि स्पेशल खपली. मावशी दुप्पट दही विरजू लागल्या. मी आठवडाभर मान ताठ करून फिरले, कबूल करते.

बाबांची एक पद्धत होती. थाळी गेली की स्वयंपाकघराच्या दारामागे कोळशाने तिच्या नावाखाली एक रेघ. महिनाअखेर ज्याच्याखाली रेघ नाही, ते बंद. आमची कोथिंबीर वडी अशीच गेली होती. मी दोन दिवस दारव्ह्याला लग्नाला गेले आणि परतले, तर भिंतीवरची मध्यम पुसलेली.

“कोणी घेऊनच नाही राह्यलं, तं ठेवाची कायले?” बाबा म्हणाले.

“बाबा, ती घेण्यासाठी नव्हतीच.”

“मंग कायच्यासाठी होती? जे कोणाच्या पोटात जात नाही, ते भिंतीवर लिहाचं म्हंजे लबाडीच झाली ना पोरी.”

माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते उच्चारलं की लबाडीसारखंच वाटत होतं. मी चिडून गल्ल्यावर जाऊन बसले. रुसण्यात आम्ही बापलेक सारखेच. तेव्हा मी भांडायला हवं होतं, असं आजही वाटतं.

स्पेशलचा खप पुन्हा खाली आला. बाबांनी कारण शोधलं ते समोरच्या नव्या ढाब्यात. त्यांचं कार्ड पोथीएवढं जाड होतं. मग आमचंही निघालं, एकशे बारा पदार्थांचं. नूडल्स, डोसे, पनीरचेच अकरा प्रकार. खोटं कशाला बोलू, त्या कार्डाने गर्दी आली. कुटुंबं यायची, पानं उलटायची, “तू सांग”, “नाही, तूच सांग” करत एकमेकांची तोंडं पाहायची आणि शेवटी चहा पिऊन उठायची. ड्रायव्हर लोकांना तेवढाही वेळ नसे. एकाने कार्ड पालथं ठेवलं आणि म्हणाला, “पुढं पाहू कुठं.” इतक्यातून एक निवडायचं म्हणजे उरलेल्या एकशे अकरांना नाही म्हणायचं, आणि भुकेल्या माणसाला ते झेपत नाही. पनीर आंबत राहिलं, पत्ताकोबी सडत राहिली.

मावशींना नूडल्स जमत नव्हत्या, त्यांच्या हातून शेवयाच व्हायच्या. पगार देणं होईना, तेव्हा त्यांना घरी बसायला सांगायची वेळ आली. ते काम बाबांनी माझ्यावर टाकलं. “माह्यं काय चुकलं, बाई?” एवढंच त्यांनी विचारलं. काही नाही, म्हणाले मी. मला स्वतःची लाज वाटली.

मग एका सकाळी मी बाबांसमोर बसून सगळं कार्ड रद्द करायला लावलं. आता पोळ्या मी लाटत होते. बाबांनी स्वतः भिंतीवर तीन ओळी लिहिल्या. मधली मध्यम, काही न विचारता. हिशेबाने सगळं बरोबर होतं. पण ती थाळी काम करते ती आत येऊन बसलेल्या माणसावर, आणि आता लोक आत यायला जाड कार्ड मागत होते.

त्या दुपारी आमचं जुनं गिऱ्हाईक असलेला एक ड्रायव्हर उतरला. दारातूनच त्याने भिंत वाचली, टेबलांवर कार्ड शोधलं.

“बस, इतकंच? काकाजी, बंद करून राह्यले का?”

बाबांनी नाही म्हणायला हवं होतं. मी पोळपाटावरून त्यांच्याकडे पाहत होते. ते म्हणाले, “हो.”